पेनल्टी मारताना बाजू कशी निवडतात?

चिंचोका एका मुठीत लपवायचा, दोन्ही मुठी पुढे करायच्या आणि विचारायचं, "सांग, कोणत्या हातात?" हा खेळ आपण सगळेच खेळलो आहोत. लपवणारा पोर लहान असेल तर मोठं माणूस दोन-तीन डावांत त्याला ओळखतं, कारण लहान मूल एकतर सारखं उजवाच हात वापरतं किंवा दर डावाला न चुकता हात बदलतं. दोन्हींत काहीतरी ठरलेलं असतं आणि ठरलेलं कळलं की खेळ संपला. ज्या पोराला हे उमगतं, ते शेवटी एकाच उपायावर येतं: आपला आपल्यालाच आधी पत्ता लागू द्यायचा नाही.

फुटबॉलमधली पेनल्टी म्हणजे हाच खेळ. फक्त इथे चिंचोक्याच्या जागी चेंडू असतो आणि समोर सात मीटर बत्तीस सेंटिमीटर रुंदीचं गोल. चेंडू गोलरेषेपासून ११ मीटरवर ठेवतात. जोरात मारलेला चेंडू तिथून गोलपर्यंत पोहोचायला साधारण एक तृतीयांश सेकंद घेतो. गोलरक्षकाला मधून निघून खांबापर्यंत झेपावायला याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे चेंडू कुठे चाललाय ते नीट बघून मग उडी मारायची म्हटलं, तर कोपऱ्यातल्या चेंडूला हात लागणं अवघड. म्हणून बहुतेक गोलरक्षक पाय चेंडूला लागण्याच्या सुमारासच एक बाजू धरतात. मारणाऱ्यालाही तोपर्यंत आपली बाजू ठरवलेली असावी लागते. थोडक्यात, दोघंही एकमेकांचा निर्णय न पाहता, एकाच वेळी मूठ उघडतात.

मात्र चिंचोक्याच्या खेळात दोन्ही हात सारखे असतात. पेनल्टीत तसं नसतं. उजव्या पायाच्या खेळाडूला चेंडू स्वतःच्या डाव्या हाताला, पायाच्या आतल्या बाजूनं तिरका ओढून मारणं सोपं जातं. तीच त्याची सोयीची बाजू. डाव्या पायाच्या खेळाडूचं नेमकं उलट. पुढे मी "सोयीची" आणि "आडवळणाची" असेच शब्द वापरणार आहे, कारण डावं-उजवं म्हटलं की कोणाचं डावं, मारणाऱ्याचं की गोलरक्षकाचं, यातच अर्धा वेळ जातो.

आता प्रश्न असा: एक बाजू सोपी असेल, तर मारणाऱ्यानं नेहमी तिकडेच का मारू नये?

स्पॅनिश अर्थशास्त्रज्ञ इग्नासियो पालासिओस-उएर्ता यांनी या प्रश्नाचं उत्तर मैदानावरच्या नोंदींतून शोधलं. १९९५ ते २००० या काळातल्या, मुख्यतः स्पेन, इंग्लंड आणि इटलीतल्या व्यावसायिक सामन्यांमधल्या १,४१७ पेनल्टी त्यांनी गोळा केल्या. प्रत्येकीत मारणाऱ्यानं चेंडू कुठे मारला, गोलरक्षक कुठे झेपावला आणि गोल झाला की नाही, एवढं टिपलं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा गाभा चार आकड्यांचा आहे. दर शंभर पेनल्टींमागे किती गोल झाले, ते असं:

| | गोलरक्षक आडवळणाच्या बाजूला | गोलरक्षक सोयीच्या बाजूला |
|---|---|---|
| चेंडू आडवळणाच्या बाजूला | ५८.३० | ९४.९७ |
| चेंडू सोयीच्या बाजूला | ९२.९१ | ६९.९२ |

तक्ता वाचायला सोपा आहे. गोलरक्षक चुकीच्या बाजूला गेला की जवळजवळ गोल झालाच. शंभर होत नाहीत, कारण काही चेंडू खांबाला लागतात, काही बाहेर जातात. गोलरक्षकानं बाजू बरोबर ओळखली की फरक दिसतो: सोयीच्या बाजूला मारलेल्या शंभरातले सत्तर तरीही आत जातात, आडवळणाच्या बाजूचे मात्र जेमतेम अठ्ठावन्न. सोयीची बाजू "सोपी" म्हणतात ती या अर्थानं.

आता गोलरक्षकाच्या जागी उभं राहून विचार करू. समजा त्यानं ठरवलं की आपण निम्म्या वेळा इकडे आणि निम्म्या वेळा तिकडे जाऊ. मग आडवळणाच्या बाजूला मारणाऱ्याला ५८.३० आणि ९४.९७ यांची सरासरी मिळेल, म्हणजे शंभरात सुमारे ७६.६ गोल. सोयीच्या बाजूला मारणाऱ्याला ८१.४. मारणाऱ्याला हे कळायला वेळ लागत नाही. तो डोळे झाकून दर वेळी सोयीच्या बाजूला मारेल आणि ८१.४ खिशात घालेल. म्हणजे निम्मं-निम्मं गोलरक्षकाला परवडत नाही. त्यानं सोयीच्या बाजूकडे जास्त झुकायला हवं.

मग झुकू या. समजा तो शंभरातून सत्तर वेळा सोयीच्या बाजूला जाऊ लागला. आता सोयीच्या बाजूला मारणाऱ्याचं यश ७६.८ वर येतं. पण आडवळणाच्या बाजूला मारणाऱ्याचं ८४ पर्यंत चढतं. मारणारा लगेच बाजू बदलेल. म्हणजे सत्तर फार झालं.

पन्नास आणि सत्तर यांच्यामध्ये कुठेतरी अशी जागा आहे की मारणाऱ्यानं कुठेही मारलं तरी त्याला सारखंच मिळेल. हिशेब केला तर ती जागा ५८ वर येते: गोलरक्षकानं ५८ वेळा सोयीच्या आणि ४२ वेळा आडवळणाच्या बाजूला जायचं. मग मारणाऱ्याचं यश दोन्हीकडे ७९.६ होतं. त्याला आता एका बाजूचा मोह उरत नाही. त्याच्या दोन्ही वाटा सारख्या केल्या, की गोलरक्षकाचं काम झालं.

मारणाऱ्याचाही असाच हिशेब आहे. त्यानं आपल्या बाजू अशा प्रमाणात वाटायच्या की गोलरक्षकाला कुठेही झेपावलं तरी सारखेच गोल खावे लागतील. तो आकडा येतो ६१.५ वेळा सोयीची, ३८.५ वेळा आडवळणाची. त्यानं हट्टानं नेहमी सोयीच्याच बाजूला मारलं तर गोलरक्षक तिथेच जाऊन बसेल आणि यश ७९.६ वरून ६९.९ वर घसरेल. सोपी बाजू नेहमी वापरली की ती सोपी राहत नाही, ती अशी.

ठरलेल्या प्रमाणात, पण कुठलाही क्रम न ठेवता पर्याय मिसळण्याच्या या पद्धतीला गेम थिअरीत "मिक्स्ड स्ट्रॅटेजी" म्हणतात. मराठीत मिश्र डावपेच म्हणू. एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचा तेवढाच तोटा, अशा दोघांच्या खेळात असा तोल नेहमी सापडतो, हे जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्येच सिद्ध केलं होतं. पण सिद्ध करणं वेगळं आणि हजारो लोक शिट्ट्या मारत असताना घामाघूम झालेला माणूस तसं वागतो का, हे वेगळं.

वागतो. हिशेबानं गोलरक्षकांनी ५८.०१ टक्के वेळा सोयीच्या बाजूला जायला हवं होतं. ते प्रत्यक्षात ५७.६९ टक्के वेळा गेले. मारणाऱ्यांनी ६१.४६ टक्के वेळा सोयीच्या बाजूला मारायला हवं होतं, त्यांनी ६०.०२ टक्के वेळा मारलं. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा मला छपाईची चूक वाटली होती. यातल्या कोणी कागद-पेन्सिल घेऊन समीकरणं सोडवलेली नव्हती.

आता या आकड्यांतून खेळाडूंबद्दल काय कळतं ते पाहू, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. एखादा खेळाडू साठ टक्के वेळा एका बाजूला मारतो म्हटल्यावर आपण सहज म्हणतो, "त्या बाजूला त्याला जास्त यश मिळत असणार." तसं नाही. तोल साधला असेल तर दोन्ही बाजूंचं यश सारखंच दिसतं. वरच्या तक्त्यात गोलरक्षकांचं प्रत्यक्ष वागणं घालून पाहिलं तर सोयीच्या बाजूचं यश ७९.६ आणि आडवळणाच्या बाजूचं ७९.५ निघतं. बाजूची ताकद यशाच्या आकड्यात दिसतच नाही. ती दिसते गोलरक्षकाच्या वागण्यात: तो त्या बाजूला जास्त वेळा जातो, आणि त्यामुळेच तिथलं यश खाली येऊन दुसऱ्या बाजूच्या बरोबरीला बसतं. मारणाऱ्याचं कौशल्य वाचायचं असेल तर समोरच्याकडे बघावं लागतं.

याचा आणखी एक विचित्र परिणाम आहे. समजा एका खेळाडूनं उन्हाळाभर घाम गाळून आपली सोयीची बाजू आणखी पक्की केली. पूर्वी गोलरक्षक दुसरीकडे गेल्यावर त्याचे शंभरात ९२.९१ गोल व्हायचे, आता ९८ होतात. बाकी तिन्ही आकडे तेच. आता त्यानं सोयीच्या बाजूला जास्त मारावं की कमी? मनाला वाटतं, जास्त. हिशेब म्हणतो, कमी: ६१.५ वरून ५६.६ वर. कारण आता गोलरक्षकाला सोयीची बाजू मोकळी सोडणं महागात पडतं, म्हणून तो तिकडे जाण्याचं प्रमाण ५८ वरून ६१.३ वर नेतो. आडवळणाची बाजू थोडी जास्त मोकळी पडते आणि एकूण यश ७९.६ वरून ८०.८ वर जातं. सरावाचं फळ मिळतं, पण जिथे सराव केला त्याच्या पलीकडच्या कोपऱ्यात.

प्रमाण साधलं म्हणजे मात्र अर्धंच काम झालं. दहा पेनल्टींत सहा इकडे आणि चार तिकडे मारायच्या असं ठरवून एखाद्यानं आधी सहा आणि मग चार मारल्या, तर प्रमाण अचूक असूनही गोलरक्षक त्याला खाऊन टाकेल. क्रमसुद्धा ओळखता येता कामा नये. इथे साधी माणसं हमखास घसरतात. कोणालाही सांगून बघा, मनानंच छापा-काट्याच्या वीस फेकींची यादी लिही. जवळजवळ प्रत्येक जण बाजू फार लवकर बदलतो. तीन छापे लागोपाठ आले की हात आपोआप काटा लिहितो, जणू नाण्याला आधीचं आठवतं. खऱ्या नाण्याच्या वीस फेकींत चार-चार छापे लागोपाठ येणं ही रोजची गोष्ट आहे.

पालासिओस-उएर्तांनी हेही तपासलं. ज्यांच्या किमान तीस पेनल्टींची नोंद होती असे २२ मारणारे आणि २० गोलरक्षक त्यांनी वेगळे काढले आणि प्रत्येकाच्या बाजूंची माळ लावून पाहिली: मागची बाजू माहीत असेल तर पुढची ओळखता येते का? बहुतेकांच्या बाबतीत आली नाही. व्यावसायिक खेळाडूंनी वर्षानुवर्षं मार खाऊन ही सवय मोडलेली असते.

खेळाडू एकेकटे तपासण्याचं कारण महत्त्वाचं आहे. समजा दहापैकी सहा खेळाडू कायम सोयीच्याच बाजूला मारतात आणि चार कायम आडवळणाच्याच. एकत्र मोजलं तर साठ-चाळीस दिसेल, अगदी पुस्तकी तोल. प्रत्यक्षात दहाही जण उघड्या पुस्तकासारखे. सगळ्यांची गोळाबेरीज करून निघालेला सुंदर आकडा म्हणूनच एकटा पुरेसा नाही. पण एकेकट्याच्या तपासणीलाही मर्यादा आहे. तीस पेनल्टी म्हणजे एका बाजूला अठरा आणि दुसऱ्या बाजूला बारा. दोन्हींच्या यशात खरोखर दहा टक्क्यांचा फरक असला तरी एवढ्या थोड्या नोंदींत तो नशिबाच्या चढउतारात हरवून जाईल. "फरक आढळला नाही" आणि "फरक नाही" यांत अंतर आहे, ते अशा अभ्यासांबद्दल बोलताना विसरलं जातं.

आतापर्यंत मी एक मोठी गोष्ट बाजूला ठेवली होती: मधोमध. १९७६ च्या युरो चषकाच्या अंतिम सामन्यात, बेलग्रेडमध्ये, चेकोस्लोव्हाकियाच्या अंतोनिन पानेंकानं पश्चिम जर्मनीच्या झेप मायरला एका बाजूला झेपावू दिलं आणि चेंडू हळूच मधून आत सोडला. तेव्हापासून अशा फटक्याला त्याचंच नाव आहे.

फ्रान्स आणि इटलीतल्या ४५९ पेनल्टींचा एक अभ्यास पिएर-आंद्रे शियापोरी, स्टीव्हन लेव्हिट आणि टिमोथी ग्रोसक्लोज यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. त्यात सुमारे १७ टक्के चेंडू मध्ये मारलेले होते. गोलरक्षक मध्ये थांबले ते जेमतेम अडीच टक्के वेळा. हे पाहून कोणीही म्हणेल की सगळ्यांनी मध्येच मारावं. पण गोलरक्षक मध्ये थांबत नाहीत ते मध्ये कमी चेंडू येतात म्हणून, आणि ते थांबत नाहीत एवढ्यापुरतीच ती जागा मोकळी आहे. सगळे मध्ये मारू लागले तर पुढच्या आठवड्यात गोलरक्षक जागचे हलणार नाहीत, आणि मध्ये मारलेला चेंडू त्यांच्या थेट छातीवर येतो.

तरीही गोलरक्षक गरजेपेक्षा जास्त उड्या मारतात का, हा वाद आहे. मायकेल बार-एली आणि सहकाऱ्यांनी २८६ पेनल्टी पाहिल्या. त्यांत गोलरक्षक ६.३ टक्के वेळा मध्ये थांबले आणि थांबले तेव्हा ३३.३ टक्के चेंडू अडवले. बाजूला झेपावले तेव्हा मात्र फक्त १३-१४ टक्के. त्यांचा निष्कर्ष असा की गोल खाल्ला तरी उडी मारून खाल्लेला बरा. नुसतं उभं राहून खाल्ला तर लोक म्हणतात, हा करत काय होता? मला या स्पष्टीकरणात तथ्य वाटतं, कोणत्याही गोलरक्षकाला विचारा. पण आकडा जपून वापरायला हवा. २८६ चे ६.३ टक्के म्हणजे १८ वेळा, आणि त्यातले अडवलेले चेंडू सहा. सहाऐवजी तीन अडले असते तर जवळजवळ सगळा फरक नाहीसा झाला असता.

दोघं एकाच वेळी मूठ उघडतात, हे गृहीतकही नेहमी टिकत नाही. काही जण शेवटच्या पावलाआधी क्षणभर थबकतात, गोलरक्षकाचं वजन कुठल्या पायावर गेलं ते बघतात आणि मग उलट बाजूला चेंडू सरकवतात. इटलीचा जॉर्जिन्यो छोटी उडी घेऊन हेच करायचा. असा खेळाडू मिसळत नसतो, तो वाचत असतो, आणि वरचा हिशेब त्याला लागू पडत नाही. त्यावर उतारा म्हणजे गोलरक्षकानं आधी न हलणं. २०२१ च्या युरो अंतिम सामन्यात जॉर्डन पिकफर्डनं जॉर्जिन्योचा चेंडू अडवला, तो जॉर्जिन्योच्या त्या छोट्या उडीनंतरच झेपावून.

आता मॉस्को. २१ मे २००८, लुझनिकी स्टेडियम, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना. चेल्सी आणि मँचेस्टर युनायटेड १-१ वर अडकले आणि पेनल्टी शूटआऊट सुरू झालं. सामन्याआधी याच पालासिओस-उएर्तांनी चेल्सीचे प्रशिक्षक अव्राम ग्रांट यांना टिपण पाठवलं होतं. त्यातला एक मुद्दा असा की युनायटेडचा गोलरक्षक एडविन व्हॅन डर सार मारणाऱ्याच्या सोयीच्या बाजूला जरा जास्तच जातो. म्हणजे उजव्या पायाच्या खेळाडूंनी आडवळणाच्या बाजूला, व्हॅन डर सारच्या डावीकडे मारावं.

सल्ला बरोबर होता. गोलरक्षकाचा तोल ढळलेला असेल तर मारणाऱ्यानंही आपला तोल सोडून फायदा घ्यावा, हे वरच्या सत्तरच्या हिशेबात आपण पाहिलंच. चेल्सीच्या पहिल्या सहाही जणांनी व्हॅन डर सारच्या डावीकडे मारलं. त्यात अ‍ॅशली कोल डाव्या पायाचा होता, त्याच्यासाठी ती उलट सोयीची बाजू होती. तरी त्याचाही गोल झाला. जॉन टेरीनं मारताना व्हॅन डर सार दुसऱ्याच बाजूला गेला होता. टेरी ओल्या गवतावर घसरला आणि चेंडू खांबाला लागला. तिथे सगळं बरोबर ठरलं होतं, फक्त पाय घसरला.

पण सहा जण एकाच बाजूला मारतात तेव्हा समोरच्यालाही माहिती मिळत असते. सर्वसाधारण प्रमाणात मिसळणारे सहा खेळाडू निव्वळ योगायोगानं असे ओळीनं त्याच बाजूला जाण्याची शक्यता साधारण दोनशेत एक निघते. व्हॅन डर सारला हा हिशेब करायची गरज नव्हती. निकोलस अनेल्का सातवी पेनल्टी घ्यायला आला तेव्हा व्हॅन डर सारनं दोन्ही हात फैलावले आणि डाव्या हातानं डाव्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तुम्ही सगळे इकडेच मारताय ना, असं.

आता अनेल्काची पंचाईत बघा. टिपणाप्रमाणे मारावं तर गोलरक्षकानं ते ओळखलंय. न मारावं तर ते करायला भाग पाडण्यासाठीच तो बोट दाखवत असेल. "त्याला माहीत आहे की मला माहीत आहे" या साखळीला शेवट नसतो. एखाद्या नाण्यासारखं, समोरच्याकडे न बघता बाजू ठरवली, तरच ती तुटते. अनेल्कानं बाजू बदलली आणि व्हॅन डर सारच्या उजवीकडे, म्हणजे स्वतःच्या सोयीच्या बाजूला मारलं. व्हॅन डर सार तिकडेच झेपावला, चेंडू अडला आणि युनायटेड ६-५ नं जिंकलं.

अनेल्का घाबरला, असं त्यावर पुष्कळदा म्हटलं गेलं. तक्त्यात ती पेनल्टी खालच्या ओळीतल्या उजवीकडच्या चौकटीत बसते: सोयीची बाजू, आणि गोलरक्षकानं ओळखलेली. तिथेसुद्धा शंभरातले सत्तर चेंडू आत जातात. त्या रात्रीचा चेंडू उरलेल्या तीसांतला होता.